एमपीएससीच्या तयारीत गेलेली वर्षं रेझ्युमे आणि कव्हर लेटरमध्ये कशी लिहावीत

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कंपनीत इंजिनिअरची जागा निघाली की आलेल्या अर्जांत एक ओळखीचा नमुना हमखास असतो. बीई झालेला मुलगा किंवा मुलगी, दोन-तीन वर्षांची नोकरी, मग तीन-चार वर्षं कोरी आणि आता पुन्हा अर्ज. ती वर्षं पुण्यात नाहीतर लातूर-परभणीच्या अभ्यासिकेत गेली असणार, हे वाचणाऱ्याला न सांगताही कळतं, कारण त्याच्या घरातही कुणीतरी तेच करत असतं. तरीही अर्जात ती वर्षं एकतर गायब असतात, नाहीतर जुन्या नोकरीची तारीख ताणून झाकलेली असतात, नाहीतर त्यांच्याबद्दल अर्धं पान दिलगिरी असते. या तिन्ही अर्जांची गत एकच होते: ते बाजूला पडतात.

भरती करणाऱ्याला तुम्ही एमपीएससी केली याचा राग नसतो. त्याला वेगळी धास्ती असते. या माणसाला लाईनवर उभं करून शिकवायचं आणि सहा महिन्यांनी नवी जाहिरात निघाली की तो पुन्हा राजीनामा देणार, असं तर होणार नाही ना? म्हणून गॅप का पडला यापेक्षा तो कधी संपला आणि संपल्यावर तुम्ही काय केलं, हे रेझ्युमेत ठळक दिसलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक जण थेट कव्हर लेटरपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

सोबत एक उदाहरण घेऊ. समजा, जिंतूर तालुक्यातला एक मुलगा नांदेडहून मेकॅनिकलमध्ये बीई झाला. ऑगस्ट 2018 ते मे 2021 वाळूजला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत होता. जून 2021 पासून नोव्हेंबर 2024 पर्यंत राज्यसेवेची तयारी केली, आधी पुण्यात आणि शेवटची दीड वर्षं परभणीत. एकदा पूर्व परीक्षा पास होऊन मुख्य परीक्षेपर्यंत गेला. आता, एप्रिल 2025 मध्ये, तो क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करतो आहे.

## 1. आधी कागद, मग शब्द

एक कोरा कागद घ्या आणि बीईच्या निकालापासून आजपर्यंतचा प्रत्येक महिना त्यावर बसवा. नुसतं वर्ष नको, महिना आणि वर्ष. जवळ हे ठेवा: नेमणूक पत्र, रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, शेवटच्या पगाराच्या स्लिप, परीक्षांची प्रवेशपत्रं आणि निकालाची पानं. आठवणीवर विसंबू नका. “दिवाळीच्या आसपास सोडली” एवढ्यावर लिहिलेली तारीख नंतर कागदाशी जुळत नाही.

त्यानंतर पीएफ बघा. ही पायरी जवळपास सगळे वगळतात आणि नोकरी हातातून जाते ती बऱ्याचदा इथेच. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर यूएएनने लॉगिन करून View मधलं Service History उघडा. तिथे प्रत्येक कंपनीत तुम्ही कधी लागलात आणि कधी सोडलं हे दिसतं. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा याच नोंदी बघते. छोट्या व्हेंडर कंपन्यांत काम केलेल्यांना इथे दोन गोष्टी सापडतात. एक, सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, म्हणजे कागदोपत्री तुम्ही अजून तिथेच कामाला. दोन, पहिले काही महिने ठेकेदाराच्या नावावर असतात आणि कंपनीचं नाव नंतर येतं.

सोडल्याची तारीख रिकामी असेल तर आधी जुन्या कंपनीच्या एचआरला फोन करून भरायला सांगा. ते दाद देत नसतील, तर शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने उलटल्यावर Manage मधल्या Mark Exit मधून तुम्ही स्वतः ती भरू शकता. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. शेवटचा पीएफ ज्या महिन्याचा आहे, त्याच महिन्यातली तारीख द्यावी लागते. रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरा, कारण चुकीची तारीख नंतर दुरुस्त करणं त्रासाचं आहे.

ठेकेदाराचे महिने असतील तर लपवू नका. “ठेकेदारामार्फत” असं त्या नोंदीत लिहून टाका. वाळूजमध्ये ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे, तिच्यामुळे कुणी तुम्हाला नाकारत नाही. न लिहिता पीएफमध्ये दुसरंच नाव निघालं तर मात्र शंका येते.

सावधान: गॅप भरून काढायला अनुभवाचा विकतचा दाखला घेऊ नका. ज्या काळाचा दाखला आहे त्या काळात पीएफ नाही, बँकेत पगार जमा नाही, हे पडताळणीत लगेच उघड होतं. तोवर तुम्ही आधीची नोकरी सोडून इथे रुजू झालेले असाल तर दोन्हीकडून जाल.

तपासा: कागदावर एकही महिना कोरा राहिलेला नाही ना? आणि तुमच्या तारखा रिलीव्हिंग लेटर आणि पीएफ या दोन्हींशी जुळतात ना?

## 2. तयारी खरंच संपली आहे का, हे आधी स्वतःशी ठरवा

इथे घाई करू नका, कारण इथे जे ठरेल ते पुढच्या प्रत्येक वाक्यात उतरणार आहे. तीन शक्यता असतात.

पहिली, तयारी थांबली. पुढचा फॉर्म भरलेला नाही, भरणारही नाही. हे सगळ्यात सोपं. तसं स्पष्ट लिहायचं आणि महिना द्यायचा.

दुसरी, परीक्षा दिली आहे आणि निकाल यायचा आहे. अशा वेळी “तयारी पूर्ण थांबवली” असं लिहिणं म्हणजे अर्धं खोटं. निवड झाली तर तुम्ही जाणार आहात का? जाणार असाल तर कायमस्वरूपी जागेच्या पत्रात उलट आश्वासन देऊ नका. निकाल लागेपर्यंत ठरावीक मुदतीचं किंवा प्रोजेक्टचं काम शोधा आणि विचारलं तर खरं सांगा.

तिसरी, नोकरी करत-करत फॉर्म भरत राहायचं आहे. हा तुमचा अधिकार आहे आणि दर वर्षी कुठला फॉर्म भरता हे रेझ्युमेत लिहायची गरज नाही. पण मग “आता एकही परीक्षा देणार नाही” हे वाक्यही लिहू नका. मुलाखतीत विचारलं जाईल, तेव्हा “पूर्णवेळ तयारी थांबवली आहे, नोकरी हेच आता मुख्य काम आहे” एवढं खरं असेल तर तेवढंच सांगा. माझं मत असं की हे तिसरं उत्तर सरळ दिलं तर ते पहिल्या उत्तराइतकं भक्कम नसलं तरी चालतं. पकडलं गेलेलं पहिलं उत्तर मात्र चालत नाही. निकालांच्या याद्या आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुल्या असतात.

ठरलं की एक वाक्य लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय केलं, कधीपासून कधीपर्यंत, आणि आता काय. उदाहरणातल्या मुलाचं वाक्य असं झालं: “जून 2021 ते नोव्हेंबर 2024 राज्यसेवेची पूर्णवेळ तयारी केली, ती आता थांबवली आहे आणि जानेवारीपासून पुन्हा क्वालिटीच्या कामाकडे वळलो आहे.” रेझ्युमे, कव्हर लेटर, फोन, मुलाखत, सगळीकडे हेच वाक्य. शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी तारखा आणि अर्थ तोच राहिला पाहिजे.

## 3. अर्जाआधी निदान एक ताजी नोंद तयार करा

“गॅप संपला” हे सांगायला सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे गॅपनंतर केलेलं, त्याच कामाशी जोडलेलं काहीतरी. दोन-तीन महिने पुरतात. ते नसेल तर रेझ्युमेतली शेवटची नोंद “परीक्षेची तयारी” हीच राहते आणि वाचणाऱ्याच्या मनातली धास्ती तशीच उरते.

आपल्या भागात यासाठी जवळची जागा म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतली इंडो-जर्मन टूल रूम. सीएनसी, कॅड-कॅम अशा विषयांचे कोर्स तिथे चालतात. सध्या कोणती बॅच आहे हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. कोर्सला पैसे नसतील तर ओळखीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये महिनाभर इन्स्पेक्शन करा आणि मालकाकडून लेटरहेडवर तारखांसह दोन ओळी घ्या. माझ्या दृष्टीने ऑनलाइन सर्टिफिकेटपेक्षा हा महिना जास्त मोलाचा आहे, कारण मुलाखतीत व्हर्निअर किंवा बोअर गेज हातात दिला तर हात अडखळत नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलाने जानेवारी ते मार्च 2025 दोन गोष्टी केल्या. ड्रॉइंग वाचन आणि जीडी अँड टीचा छोटा कोर्स केला, आणि नात्यातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्निंगच्या पार्टची तपासणी केली. ड्रॉइंगवरच्या खुणा तो निम्म्या विसरला होता. त्या पुन्हा पक्क्या झाल्या हा त्या कोर्सचा खरा फायदा.

गॅपच्या आतही काही काम केलेलं असतं आणि मुलं ते “काम” धरतच नाहीत. अभ्यासिकेची व्यवस्था बघणं, अकॅडमीत गणित-बुद्धिमत्ता शिकवणं, गावी सोयाबीन-कापसाचा हिशेब आणि मजुरांची जुळवाजुळव करणं. पैसे मिळत असोत किंवा नसोत, ठरावीक काळ जबाबदारी घेतली असेल आणि कुणी दुजोरा देऊ शकत असेल तर ती नोंद होते. पण तिला मोठं नाव देऊ नका. घरची आठ एकर शेती सांभाळली तर “शेती सांभाळली” हेच लिहा, “कृषी उद्योजक” नको. पुढचा प्रश्न उलाढालीचा येतो.

सावधान: “एमपीएससीच्या तयारीने मला शिस्त, चिकाटी आणि वेळेचं नियोजन शिकवलं” हे वाक्य टाळा. ते खोटं नाही, पण प्रत्येक अर्जात असतं आणि त्याची खात्री करायला काही मार्ग नसतो. “पूर्व परीक्षा उत्तीर्ण, मुख्य परीक्षेस पात्र” हे वाक्य तपासता येतं, ते ठेवा.

## 4. रेझ्युमेत नोंद कुठे आणि कशी

जागा एकच: कामाच्या अनुभवाच्या यादीत, तारखेच्या क्रमाने, सगळ्यात अलीकडचं वर. शेवटी “इतर माहिती”त ढकलू नका. तारखा काढून टाकून नुसती कौशल्यांची यादी वर देण्याची युक्तीही नको. अशी मांडणी दिसली की वाचणारा आधी गॅपच शोधतो.

बहुतेक रेझ्युमेत हे असं असतं:

> क्वालिटी इंजिनिअर, 2018–2021
> वैयक्तिक कारणांमुळे गॅप. आता मी मेहनतीने काम करण्यास तयार आहे.

“वैयक्तिक कारण” या शब्दांनी वाचणारा नको ते तर्क करतो. आजारपण, भांडण, काढून टाकलं, काहीही. नुसती वर्षं लिहिल्यामुळे नोकरी जानेवारी 2018 पासून की डिसेंबरपासून हेही कळत नाही. आता तेच नीट लिहू:

> क्वालिटी इन्स्पेक्टर, प्रशिक्षणार्थी — टर्निंग वर्कशॉप, वाळूज (फेब्रुवारी 2025 – मार्च 2025)
> टर्न केलेल्या पार्टची इन-प्रोसेस आणि अंतिम तपासणी. रोजचा रिजेक्शन तक्ता.
>
> ड्रॉइंग वाचन आणि जीडी अँड टी, अल्पकालीन कोर्स (जानेवारी 2025)
>
> पूर्णवेळ स्पर्धा परीक्षा तयारी, राज्यसेवा (जून 2021 – नोव्हेंबर 2024, समाप्त)
> पूर्व परीक्षा उत्तीर्ण, मुख्य परीक्षा दिली. शेवटचं दीड वर्ष परभणीत अभ्यासिकेची व्यवस्था: फी, नोंदवही, जागावाटप.
>
> क्वालिटी इंजिनिअर — वाहनांचे सुटे भाग, वाळूज (ऑगस्ट 2018 – मे 2021)
> इन-प्रोसेस तपासणी, पीडीआय, ग्राहकाच्या तक्रारींवर 8डी अहवाल, पीपीएपी कागदपत्रं.

गॅपला दोन ओळी, जुन्या नोकरीला त्याहून जास्त. वरच्या नमुन्यात जागेअभावी जुन्या नोकरीच्या ओळी कमी दिल्या आहेत. तुम्ही तिथे चार-पाच ओळी द्या, कारण तुम्हाला घेतलं जाणार आहे ते त्या कामाच्या बळावर. कोणते पार्ट, कोणती मोजमापाची साधनं, कोणती तक्रार कशी बंद केली, हे आठवून लिहा. गॅपवरून आलेले बरेच जण हीच नोंद सगळ्यात आखूड ठेवतात, “खूप दिवस झाले” म्हणून. त्यामुळे गॅप आणखी मोठा वाटतो.

“समाप्त” हा शब्द मुद्दाम आहे. तो एका नजरेत दिसतो. दुसऱ्या पायरीवर तुमचं उत्तर वेगळं आलं असेल तर मात्र तो लिहू नका.

बहुतेक कंपन्यांना रेझ्युमे इंग्रजीत लागतो. क्रम आणि मजकूर हाच ठेवा, वाक्यं आखूड ठेवा. एक जाता-जाता: वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, छंद हे लग्नाच्या बायोडाटातलं सगळं काढून टाका. त्या जागेत जुन्या नोकरीच्या दोन ओळी मावतात.

तपासा: रेझ्युमे अशा कुणाला दाखवा ज्याला तुमची कहाणी माहीत नाही. अर्ध्या मिनिटाने कागद काढून घ्या आणि विचारा: “मी आता काय करतोय?” उत्तर “एमपीएससी” आलं तर वरच्या नोंदी कमकुवत आहेत. “क्वालिटी” आलं तर पुढे जा.

## 5. कव्हर लेटर: गॅप तिसऱ्या परिच्छेदात

पत्राची सुरुवात गॅपने करू नका. पहिल्या परिच्छेदात जागा आणि तुमचा तिच्याशी जुळणारा अनुभव. दुसऱ्यात त्या अनुभवातलं एक प्रत्यक्ष काम, तपशिलाने. तिसऱ्यात गॅप, तीन वाक्यांत. शेवटी कधी रुजू होऊ शकता ते. सगळं एका पानाच्या आत.

> आदरणीय महोदय,
>
> आपल्या शेंद्रा येथील प्लांटमधील क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. वाळूज येथील वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपनीत मी दोन वर्षं दहा महिने इन-प्रोसेस तपासणी आणि ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या आहेत.
>
> तिथे एका शाफ्टचा व्यास वारंवार मर्यादेबाहेर जात असल्याची तक्रार होती. शिफ्टनुसार मोजमापं मांडल्यावर लक्षात आलं की टूल बदलल्यानंतरचे पहिले काही पार्ट न तपासता पुढे जात होते. टूल बदलल्यावर पहिला पार्ट मोजून नोंदवायचा नियम कंट्रोल प्लॅनमध्ये घातला आणि त्या पार्टची तक्रार पुन्हा आली नाही.
>
> जून 2021 ते नोव्हेंबर 2024 या काळात मी राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी केली आणि मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो. ती तयारी मी थांबवली आहे. जानेवारीपासून ड्रॉइंग वाचन आणि जीडी अँड टीचा कोर्स आणि वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीचं काम केलं आहे.
>
> मी लगेच रुजू होऊ शकतो. तिन्ही शिफ्टमध्ये काम करायची तयारी आहे.

दुसऱ्या परिच्छेदावर सगळ्यात जास्त वेळ द्या. तुमची अडचण कोणती होती, कारण कसं सापडलं, काय बदललं, हे ज्याने केलं त्यालाच लिहिता येतं. असा परिच्छेद वाचल्यावर तिसऱ्यातला गॅप वाचणाऱ्याला छोटा वाटतो. हा नमुना जसाच्या तसा उतरवू नका. मुलाखतीत त्याच शाफ्टवर तीन प्रश्न येतील.

या चुका टाळा. “दुर्दैवाने यश आलं नाही” असं लिहू नका. “मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो” एवढं पुरतं, आणि पूर्वही निघाली नसेल तर नुसतं “तयारी केली” लिहा. आयोगाच्या वेळापत्रकाला, पुढे गेलेल्या तारखांना दोष देऊ नका, तो कितीही रास्त असला तरी. घरच्या परिस्थितीचा, दुष्काळाचा, वडिलांवरच्या कर्जाचा उल्लेख करून विनंती करू नका. तो भार खरा असतो, पण पत्र वाचणाऱ्याने काम बघून निर्णय घ्यावा असं वाटत असेल तर त्याच्यासमोर कामच ठेवायला हवं. आणि “कितीही पगार चालेल” हे तर अजिबात नको.

## 6. गॅपचं कारण वेगळं असेल तर

पायऱ्या त्याच, फक्त तिसऱ्या परिच्छेदातलं पहिलं वाक्य बदलतं. घरातल्या आजारपणासाठी थांबला असाल तर “वडिलांच्या आजारपणामुळे घरी होतो, आता ती गरज उरलेली नाही” एवढं बस्स. आजाराचं नाव द्यायची गरज नाही. आजार तुमचाच असेल तर “आरोग्याच्या कारणाने” आणि “आता काम करण्यास तंदुरुस्त आहे”, हे खरं असेल तरच.

लग्न-बाळंतपणामुळे थांबलेल्या मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगतो. “मुलाच्या संगोपनासाठी विराम, कधी ते कधी” ही नोंद पुरेशी आहे. मूल आता कोण सांभाळणार, सासरच्यांची परवानगी आहे का, याचं स्पष्टीकरण पत्रात देऊ नका. ते कुणी न विचारताच दिलं जातं आणि कामाचा मजकूर मागे पडतो. तुमच्या बाबतीतही तिसरी पायरीच निर्णायक आहे, म्हणून अर्जाआधीचे दोन महिने त्यासाठी घरात मागून घ्या.

## 7. पाठवण्याआधी

रेझ्युमे दुरुस्त होतो आणि नोकरीच्या पोर्टलवरचं जुनं प्रोफाइल तसंच राहतं. तिथे अजून “2018 पासून आजपर्यंत” असं असेल तर तुमचा प्रामाणिक रेझ्युमेच खोटा वाटतो. Naukri आणि LinkedIn दोन्हीकडच्या तारखा पहिल्या पायरीच्या कागदाशी जुळवा. LinkedIn वर अनुभवात Career break ही वेगळी नोंद करता येते, ती वापरा. कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये “एकूण अनुभव” विचारला तर गॅपची वर्षं धरू नका. उदाहरणातल्या मुलाचा क्वालिटी इंजिनिअर म्हणून अनुभव दोन वर्षं दहा महिने आहे. सात वर्षं नाही.

जुन्या कंपनीतल्या एका वरिष्ठाला फोन करून ठेवा. सर, मी पुन्हा या क्षेत्रात येतोय, तुमचं नाव संदर्भ म्हणून देऊ का, असं विचारा. न विचारता नाव दिलं आणि त्यांना तुम्ही आठवलाच नाहीत, असं होतं.

अर्ज पोहोचला की एचआरचा पहिला फोन येतो तो दोन-तीन मिनिटांचा, आणि त्यात गॅपचा प्रश्न असतोच. दुसऱ्या पायरीचं वाक्य मोठ्याने म्हणून बघा, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत. वाक्य संपलं की थांबा. समोरचा गप्प राहिला तरी जास्तीचं स्पष्टीकरण सुरू करू नका. त्यांना पुढचं विचारायचं असेल तर ते विचारतील, आणि पुढचा प्रश्न बहुतेक वेळा “कधीपासून येऊ शकाल?” हाच असतो. त्याची तारीख आधीच ठरवून ठेवा.